फोटोतलं बीजगणित: देवनागरी अंक आणि इंग्रजी अक्षरं एकत्र आली की कसं वाचायचं

समजा मोबाइलवर एक फोटो आला आहे. वहीच्या पानावर हाताने लिहिलेला प्रश्न आहे:

प्र. ४ (३) जर ३x + ४y = २५ आणि ५x − y = ११, तर xy ची किंमत काढा.

गणित म्हणून यात अवघड काही नाही. दोन चलांची दोन रेषीय समीकरणं आहेत, सहा-सात ओळींत उत्तर येतं. पण x आणि y दिसले की डोळा आपोआप इंग्रजी वाचायच्या तयारीत जातो आणि अंकही त्याच नजरेने वाचू लागतो. मग ४ चा 8 होतो, ११ चे 99 होतात आणि अक्षर घाईचं असेल तर २५ मधला ५ चक्क y वाटतो. हातात उरतं ते 3x + 8y = 2y आणि yx − y = 99 असं काहीतरी. यापुढे कितीही नीट सोडवलं तरी ते दुसऱ्याच गणिताचं उत्तर असेल.

म्हणून वाचणं आणि सोडवणं ही दोन कामं पूर्ण वेगळी ठेवायची. वाचन संपेपर्यंत एकही पद इकडचं तिकडे न्यायचं नाही. वाचता वाचता मनात सोडवू लागलो की येणारं उत्तर वाचनावर दबाव आणतं. जे आकडे सोयीचे, तेच फोटोत दिसायला लागतात.

आधी फोटो

फोटो परत मागवता येत असेल तर मागवा, आणि फक्त समीकरणाचा नाही, पूर्ण पानाचा मागवा. बरेच जण प्रश्नाभोवतीचा भाग कापून पाठवतात. त्या कापलेल्या भागात प्रश्नक्रमांक, उपप्रश्नांचे क्रमांक, गुण आणि पानाचा आकडा असतो, आणि वाचनाचा सगळ्यात भरवशाचा पुरावा तिथेच असतो. तो कसा वापरायचा हे पुढे सांगतो.

फोटो समोरून, कागदाला समांतर धरून काढलेला हवा. तिरक्या फोटोत आकडे एका बाजूला दबतात आणि ३, ६ यांच्यासारख्या वळणांची तोंडं मिटल्यासारखी दिसतात. कागद पांढराशुभ्र करणारे फिल्टर टाळा. त्यांत बारीक उणे चिन्ह आणि दशांश चिन्ह डाग समजून पुसलं जाऊ शकतं. मूळ रंगीत फोटो मोठा करून पाहणं केव्हाही चांगलं, कारण शाईचा रंग आणि कागदाची घडी यांतला फरक रंगातच कळतो. उणे चिन्ह आहे की घडीची रेघ, असा प्रश्न पडला तर ती रेघ चिन्हाच्या जागेपलीकडे पुढे जाते का ते पाहा. घडी थांबत नाही, चिन्ह थांबतं.

अंक कोणत्या लिपीतले, हे कसं ठरवायचं

सुरुवात ०, २ आणि ३ पासून करू नका. हे तीन अंक दोन्हीकडे इतके सारखे दिसतात की त्यांवरून काहीच ठरत नाही. शोधायचे ते ५, ६, ७ आणि ८. देवनागरीतले हे आकार इंग्रजीतल्या त्याच किमतीच्या अंकांशी अजिबात जुळत नाहीत. पानावर यांतला एक जरी स्पष्ट सापडला तरी लिहिणारा कोणते अंक वापरतोय ते कळतं.

आपल्या प्रश्नात ५x आहे. त्या ५ वर थांबा. इंग्रजी 5 ला वर आडवी रेघ असते आणि खाली उजवीकडे पोट असतं. इथे डावीकडून येणारं वळण उभ्या दांड्याला मिळतं. म्हणजे हा देवनागरी ५. याच हाताने याच ओळीत लिहिलेला ४ हा मग इंग्रजी 8 असण्याची शक्यता फार कमी, आणि ११ म्हणजे 99 असण्याचीही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवायला हवा. टाइप केलेल्या प्रश्नपत्रिकांत एकाच पदात दोन्ही अंक येऊ शकतात. युनिकोडमध्ये वर चढवलेले घातांक इंग्रजी अंकांसाठी वेगळी चिन्हं म्हणून आहेत, देवनागरी अंकांसाठी तशी नाहीत. त्यामुळे टाइप करणारा ४x² लिहितो तेव्हा सहगुणक देवनागरी आणि घातांक इंग्रजी असा प्रकार सहज होतो. तो चुकीचा नाही. पण तेवढ्या एका घातांकावरून अख्खं पान इंग्रजी अंकांत आहे असं समजू नका.

पान मराठी-हिंदीचं नसेल तर आजूबाजूची अक्षरं पाहून मग अंकांकडे या. अक्षरांवर शिरोरेघ नसेल आणि वळणं ओळखीची वाटत असतील तर ती लिपी गुजराती असू शकते. बंगालीत तर आणखी मोठा फसवा प्रकार आहे: ৪ हा दिसायला हुबेहूब 8 असला तरी त्याची किंमत 4 आहे, आणि 9 सारखा दिसणारा ৭ हा 7 आहे. लिपी ठरल्याशिवाय एकाही अंकाला किंमत द्यायची नाही.

पानातूनच नमुने काढा

लिपी कळली तरी हस्ताक्षराचा प्रश्न उरतो. प्रत्येकाचा ९ वेगळा, प्रत्येकाचा ५ वेगळा. छापील पानांतही ५, ८ आणि ९ यांची वळणं सगळीकडे सारखी नसतात. म्हणून आपल्या डोक्यातल्या आदर्श अंकाशी तुलना करण्यापेक्षा त्याच पानावर ज्यांची किंमत नक्की माहीत आहे असे अंक शोधा.

प्रश्नक्रमांक ही त्याची उत्तम जागा. उपप्रश्न (१), (२), (३), (४) असे ओळीने असतील तर त्या हाताचे पहिले चार अंक आपल्याला नमुन्यासकट मिळाले. क्रम ठरलेला असल्यामुळे तिथे शंकेला जागाच नाही. आपल्या प्रश्नाच्या डोक्यावर ‘प्र. ४ (३)’ आहे. वरचा प्रश्न तिसरा आणि खालचा पाचवा असेल तर हा ४ पक्का. आता त्याची तुलना ४y मधल्या अंकाशी करा. वरची दोन टोकं उघडी, खाली एक गाठ, दोन्ही ठिकाणी तेच. 8 ला वर बंद गोल असतो. इथे तो नाही.

११ साठी (१) चा नमुना घ्या. १ आणि ९ हाताने लिहिताना फार जवळ येतात, आणि मला विचाराल तर देवनागरी अंकांत सगळ्यात जास्त जपून वाचायची हीच जोडी आहे. १ म्हणजे वर एक गाठ आणि तिथून खाली उतरणारी साधी शेपटी. ९ ला त्याखेरीज एक जादा मोड असतो. अंधुक फोटोत हा मोडच आधी नाहीसा होतो, त्यामुळे चूक बहुतेक वेळा एकाच दिशेने होते: ९ चा १ वाचला जातो. ११ मध्ये दोन अंक शेजारी आहेत आणि दोन्ही एकसारखे आहेत. यावरून ते ११ किंवा ९९ यांपैकी काहीतरी आहेत एवढंच कळतं. निकाल (१) च्या नमुन्यानेच लागतो.

३ आणि ६ यांच्यात तोंड कुठे उघडतं ते पाहायचं. ३ डावीकडे उघडा, ६ उजवीकडे. ७ ची आतली वळी शाईने भरून गेली तर तो शून्यासारखा दिसतो. अशा वेळी त्याचं डावं टोक पाहा. शून्य सगळीकडून मिटलेलं असतं.

अंक की अक्षर?

इंग्रजी अक्षरं आणि देवनागरी अंक एकमेकांची सोंगंही घेतात. हाताने काढलेल्या x च्या दोन रेघा खाली जुळल्या की तो ४ होतो. y आणि ५ तर जुळी भावंडं वाटावीत इतके सारखे. z आणि २ यांचंही तेच. इथे आकारापेक्षा जागा जास्त बोलते.

पहिली खूण पदाच्या रचनेत आहे. बीजगणितात संख्या आधी आणि चल नंतर लिहितात. ४y हे स्वाभाविक पद आहे. y४ असं कोणी लिहीत नाही, तो ४ वर चढवलेला घातांक किंवा खाली उतरवलेला क्रमांक असेल तरच. त्यामुळे ‘२५’ हे ‘2y’ म्हणून वाचलं तरी रचनेच्या दृष्टीने चालून जातं, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. पण ‘५x’ ला ‘yx’ म्हणून वाचलं की लगेच खटकायला हवं. रेषीय समीकरणात दोन चलांचा गुणाकार येत नाही, आणि आलाच तर तो बहुधा xy असा वर्णक्रमाने लिहितात.

दुसरी खूण म्हणजे ओळीखाली जाणारी शेपटी. y ची शेपटी ओळीच्या खाली उतरते. ५ शेजारच्या अंकाच्या पायापाशीच थांबतो. २५ मध्ये २ चा पाय जिथे टेकतो तिथून एक काल्पनिक आडवी रेघ ओढा आणि दुसऱ्या चिन्हाचं खालचं टोक पाहा. मग खालच्याच समीकरणातल्या −y शी ताडून पाहा. तो नक्की y आहे, कारण तिथे अंक असता तर समीकरणात एकच चल उरलं असतं.

तिसरी खूण प्रश्नाच्या शब्दांत आहे. ‘xy ची किंमत काढा’ असं लिहिलंय म्हणजे x आणि y दोन्ही चल आहेत आणि दोन्हींच्या किमती निघायला हव्यात. मात्र हे शेवटचे शब्द वाचतानाही घाई नको. x + y आहे की xy आहे, मधे अधिक चिन्ह पुसट झालंय का, हे समीकरणाइतक्याच काळजीने पाहा.

छापील प्रश्नात गुणाकाराचं × आणि चल x हाही एक घोळ असतो. × च्या चारही बाजू सारख्या असतात आणि तो अंकांच्या मधोमध बसतो. x बहुधा तिरक्या वळणाचा असतो आणि ओळीला टेकलेला असतो.

उतारा दोन ओळींत

आता कागदावर उतरवा, पण थेट इंग्रजी अंकांत नाही. आधी जसं दिसतं तसं, देवनागरीतच. ज्या चिन्हाबद्दल खात्री नाही त्याच्याखाली टिंब द्या. मग खालच्या ओळीत ते एकाच अंकपद्धतीत आणा:

३x + ४y = २५, ५x − y = ११

3x + 4y = 25, 5x − y = 11

एकदमच लिपी बदलत उतरवलं तर आकार ओळखणं आणि किंमत देणं ही दोन कामं एकाच क्षणात होतात, आणि चूक झाली तर ती कुठे झाली ते सापडत नाही. दोन ओळी असल्या की वरची ओळ फोटोशी ताडता येते आणि खालची वरच्या ओळीशी. शेवटचं उत्तर देवनागरीत लिहायचं असेल तरी सोडवताना एकच पद्धत ठेवा. निम्मं काम या अंकांत आणि निम्मं त्या अंकांत केलं की स्वतःच लिहिलेला ४ दोन ओळींनंतर 8 वाटू शकतो.

मजकूर टाइप करून गणकयंत्रणेला द्यायचा असेल तर दुसरी ओळ हाताने लिहू नका. ते काम यंत्र बिनचूक करतं, उदाहरणार्थ पायथन या संगणकीय भाषेत:

```python
t = str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789")
print("३x + ४y = २५".translate(t))
```

पायथनला `int("४")` दिलं तर तो बरोबर 4 समजतो, पण कोडमध्ये थेट `४*x` लिहिलं तर चूक दाखवतो. म्हणून आधी अंक बदलून घ्यायचे. फोटोतून मजकूर काढणाऱ्या टेसरॅक्टसारख्या प्रणालीला दोन्ही भाषा सांगाव्या लागतात (`-l mar+eng`). फक्त इंग्रजी सांगितली तर ती प्रत्येक देवनागरी अंकासाठी त्यातल्या त्यात जवळचं इंग्रजी चिन्ह शोधते, म्हणजे आपला डोळा करतो तीच चूक. दोन्ही भाषा दिल्या तरी घातांक खाली उतरून येऊ शकतात, तेव्हा निघालेला मजकूर फोटोशी ताडल्याशिवाय वापरायचा नाही.

आता सोडवा

दुसऱ्या समीकरणात y चा सहगुणक −1 आहे, म्हणून तिथून y वेगळा करणं सोपं:

y = 5x − 11

ही किंमत पहिल्या समीकरणात ठेवू:

3x + 4(5x − 11) = 25

3x + 20x − 44 = 25

23x = 69

x = 3

y = 5 × 3 − 11 = 4

xy = 3 × 4 = 12

ताळा: 3 × 3 + 4 × 4 = 9 + 16 = 25 आणि 5 × 3 − 4 = 11. दोन्ही समीकरणं जुळतात. उत्तर १२.

ताळा जुळला तरी वाचन चुकलेलं असू शकतं

समजा ४ ला 8 वाचलं. समीकरणं झाली 3x + 8y = 25 आणि 5x − y = 11. त्याच रीतीने 43x = 113, म्हणजे x = 113/43 आणि y = 92/43. आता ताळा करून पाहा. 3 × 113 + 8 × 92 = 339 + 736 = 1075, आणि 1075 ला 43 ने भागलं की बरोबर 25. ताळा जुळला! कारण ताळा आपण आपल्या उताऱ्याशी करतो, फोटोशी नाही. तो आकडेमोडीची चूक पकडतो, वाचनाची चूक त्याला दिसतच नाही.

म्हणून दुसरा ताळा वेगळा करायचा: उत्तर आल्यावर परत फोटो उघडा आणि उताऱ्यातलं एकेक चिन्ह बोट ठेवून फोटोतल्या चिन्हाशी जुळवा. शक्य असेल तर हे शेवटून सुरुवातीकडे करा. उलट क्रमाने गेलं की अर्थाच्या ओघात डोळा पुढे सरकत नाही, प्रत्येक आकार सुटा दिसतो.

113/43 सारखी ओबडधोबड किंमत आली की वाचनाबद्दल शंका घ्यायलाच हवी. शालेय गणितांत किमती बहुधा पूर्णांक किंवा साधे अपूर्णांक असतात. पण शंका म्हणजे पुन्हा फोटो पाहण्याचं कारण, एवढंच. उत्तर सुटसुटीत यावं म्हणून अंक बदलायचा नाही. बदलायला पुरावा फोटोतलाच हवा.

वर्गसमीकरणात हे फार स्पष्ट दिसतं. ४x² − १५x + ९ = ० घ्या. विवेचक 225 − 144 = 81, त्याचं वर्गमूळ 9, आणि मुळं 3 व 3/4. ४ चा 8 वाचला तर विवेचक −63 होतो आणि वास्तव मुळंच उरत नाहीत. शेवटचा ९ जर १ वाचला तर विवेचक 209, जो पूर्ण वर्ग नाही. आणि घातांक खाली घसरून 4x2 झालं आणि कोणी त्याला 4x × 2 समजलं तर 8x − 15x + 9 = 0, म्हणजे x = 9/7, असं एकच उत्तर येतं. प्रश्नात ‘मुळे काढा’ असं अनेकवचन असेल तर ही शेवटची चूक तिथेच उघडी पडते. इथे योग्य वाचन सोडून बाकी सगळी वाचनं स्वतःच बोलतात.

पण नेहमी असं होत नाही. ४x² − ९ = ० आणि ४x² − १ = ० ही दोन समीकरणं पाहा. पहिल्याची मुळं ±3/2, दुसऱ्याची ±1/2. दोन्ही तितकीच सुबक. फोटोत १ आणि ९ यांचा फरक पुसट असेल तर बीजगणित इथे काहीच सांगू शकत नाही. बहुपर्यायी प्रश्न असेल तर पर्याय थोडी मदत करतात. पर्यायांत ±९/४ दिसला तर तो x² = 9/4 वर थांबून वर्गमूळ काढायला विसरणाऱ्यांसाठी ठेवलेला असण्याची शक्यता आहे, म्हणजे मूळ प्रश्नात ९ असावा. ±१/४ दिसला तर कल १ कडे. दोन्ही दिसले, किंवा पर्यायच नसले, तर हा मार्गही बंद.

तेव्हा फोटो पाठवणाऱ्याला नेमकं विचारा: ‘उणे चिन्हानंतरचा अंक एक आहे की नऊ? शब्दांत लिहून पाठवा.’ अंकात लिहून मागितलं तर तोच घोळ परत येतो. उत्तर मिळायला वेळ लागणार असेल तर दोन्ही वाचनं मांडा: ‘स्थिरपद ९ असेल तर x = ±३/२; १ असेल तर x = ±१/२. फोटोत हा अंक स्पष्ट नाही.’